एशियन हँडिकॅपमध्ये बरोबरी जाते कुठे?

*नमस्कार. मी लेस्टरला राहतो. शनिवारी प्रीमिअर लीगच्या एखाद्या सामन्यावर दहा-वीस पौंड लावतो, पण कायम साधंच: हा जिंकणार, तो जिंकणार किंवा बरोबरी. ऑफिसमधला एक मित्र एशियन हँडिकॅप आणि ओव्हर-अंडरशिवाय दुसरं काही खेळत नाही. त्याचं बघून मी परवा एका संघावर -0.25 ची लाइन घेतली. सामना बरोबरीत सुटला आणि माझे निम्मेच पैसे परत आले. बुकीने मला फसवलं का? -0.75, 2.25 असले आकडे नक्की काय सांगतात? गोल तर पूर्णच होतो, पाव गोल कुठून आला? आणि पुण्यातला माझा मेहुणा म्हणतो, समजलं की माझ्यासाठीही लावत जा. काय करू?*

नाही, फसवलेलं नाही. त्या लाइनवर बरोबरी झाली की निम्मे पैसे जातात आणि निम्मे परत येतात, नियमच तसा आहे. तुम्हाला तो आधी कोणी सांगितला नाही, एवढंच झालं.

सगळं एकाच सामन्यावर बसवून बघू. १ जून २०१९, माद्रिद, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. दुसऱ्याच मिनिटाला सलाहने पेनल्टीवर गोल केला. मग जवळजवळ दीड तास काहीच घडलं नाही, आणि ८७व्या मिनिटाला ओरिगीने दुसरा गोल मारला. शेवट २–०. हा सामना मी मुद्दाम घेतला, कारण ८७व्या मिनिटापर्यंत तो १–० होता आणि हँडिकॅपमध्ये १–० आणि २–० यांत बराच फरक पडतो. पुढचे भाव मात्र हिशोब समजावा म्हणून मी धरलेले आहेत, त्या दिवशीचे नाहीत. साध्या बाजारात लिव्हरपूलला १.९०, बरोबरीला ३.४० आणि टॉटनहॅमला ४.०० असा भाव धरा.

हँडिकॅप म्हणजे गल्लीतल्या शर्यतीत लहान पोराला चार पावलं पुढे उभं करतात, तसं. तगड्या संघाच्या खात्यातून सामन्याआधीच काही गोल वजा करायचे, किंवा दुबळ्या संघाला तेवढेच द्यायचे. सामना संपला की खऱ्या गोलसंख्येत हा हिशोब मिळवायचा आणि मग तुमचा संघ पुढे आहे की मागे ते बघायचं. मैदानावर यातलं काही दिसत नाही, हे फक्त तुमच्या स्लिपवर घडतं.

सर्वांत सोपी लाइन अर्ध्या गोलाची. लिव्हरपूल -0.5 घेतलं तर लिव्हरपूलच्या गोलांतून अर्धा वजा होतो. १–० ने जिंकले तर अर्धा विरुद्ध शून्य, तुम्ही जिंकलात. १–१ झालं तर अर्धा विरुद्ध एक, तुम्ही हरलात. म्हणजे ही तुमची नेहमीचीच ‘लिव्हरपूल जिंकणार’ ही बेट आहे, फक्त कपडे बदलून आलेली. समोरच्या बाजूचा टॉटनहॅम +0.5 घेणारा बरोबरी आणि टॉटनहॅमचा विजय अशा दोन्ही निकालांत जिंकतो. बरोबरीचा वेगळा रकाना इथे नसतो, ती दोघांपैकी एकाच्या बाजूला ढकललेली असते.

आता शून्याची लाइन. कोणाचं काही वजा नाही, कोणाला काही दिलेलं नाही. तुमचा संघ जिंकला तर पैसे, हरला तर गेले, बरोबरी झाली तर लावलेली रक्कम जशीच्या तशी परत. उणे एकची लाइनही याच जातीची. लिव्हरपूल दोन किंवा जास्त गोलांनी जिंकलं तर तुम्ही जिंकता, बरोबर एका गोलाने जिंकलं तर रक्कम परत, बाकी सगळ्यांत हार. पूर्ण आकड्याच्या लाइनवर अशी एक जागा असतेच जिथे हिशोब बरोबर सुटतो आणि पैसे परत येतात. अर्ध्या आकड्याच्या लाइनवर ती नसते.

एवढं डोक्यात बसलं की पाव आणि पाऊण यांचं कोडं उरत नाही. पाव गोल कोणी मारत नाही हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पावची लाइन म्हणजे शेजारशेजारच्या दोन लाइनींवर निम्मे-निम्मे लावलेले पैसे. -0.25 म्हणजे अर्धी रक्कम शून्यावर, अर्धी उणे अर्ध्यावर. -0.75 म्हणजे अर्धी उणे अर्ध्यावर, अर्धी उणे एकवर. काही ठिकाणी स्क्रीनवर `0, -0.5` किंवा `-0.5, -1` असं दोन आकड्यांत लिहिलेलं दिसतं. ते पाहायला किचकट वाटलं तरी जास्त प्रामाणिक आहे, कारण आत खरंच दोन बेट असतात.

तुमच्या परवाच्या वीस पौंडांचं हेच झालं. दहा पौंड शून्यावर होते, बरोबरीमुळे ते परत आले. दहा पौंड उणे अर्ध्यावर होते, बरोबरीमुळे ते गेले. तुमचा संघ जिंकला असता तर दोन्ही भाग जिंकले असते आणि पूर्ण वीस पौंडांवर भाव मिळाला असता.

आता माद्रिदला जाऊ. समजा तुम्ही वीस पौंड लिव्हरपूल -0.75 वर २.२० च्या भावाने लावले. दहा पौंड उणे अर्ध्यावर, दहा उणे एकवर. ८६व्या मिनिटाला सामना संपला असता तर १–०. पहिले दहा जिंकले, त्यांचे बावीस झाले. दुसरे दहा एका गोलाच्या विजयात बरोबर सुटले, म्हणून नुसते परत आले. हातात बत्तीस, नफा बारा पौंड. याला अर्धी जीत म्हणतात. ओरिगीचा गोल झाला आणि दोन्ही भाग जिंकले: चव्वेचाळीस पौंड हातात, नफा चोवीस. म्हणजे त्या ८७व्या मिनिटाच्या गोलाने तुमचा नफा दुप्पट केला. साध्या ‘लिव्हरपूल जिंकणार’वर त्याच गोलाने एका पैशाचा फरक पडला नसता, १.९० च्या भावाने अठरा पौंडांचा नफा १–० लाही आणि २–० लाही. बरोबरी झाली असती किंवा टॉटनहॅम जिंकलं असतं तर पाऊणच्या लाइनवरचे वीसच्या वीस गेले असते.

उलट्या बाजूने, टॉटनहॅम +0.75 घेणाऱ्याचं बघा. बरोबरीत तो पूर्ण जिंकतो, १–० हरल्यावर निम्मे पैसे घालवून निम्मे परत घेतो, आणि २–० ला सगळे घालवतो. एकाची अर्धी जीत ती दुसऱ्याची अर्धी हार. कोणतीही लाइन नीट समजली की नाही हे तपासायचं असेल तर समोरच्या माणसाचं काय होतंय ते बोलून बघा, चूक लगेच सापडते.

ओव्हर-अंडरला हेच गणित लागू होतं, फक्त कोण जिंकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही संघांचे गोल मिळवायचे आणि ते लाइनच्या वर आहेत की खाली ते बघायचं. स्वयंगोलही धरतात. सर्वांत प्रचलित लाइन अडीचची: तीन किंवा जास्त गोल झाले तर ओव्हर, दोन किंवा कमी झाले तर अंडर. माद्रिदला दोन गोल झाले, म्हणजे अडीचवर अंडर सरळ जिंकला. दोनच्या लाइनवर मात्र दोघांचेही पैसे परत.

आणि सव्वादोन? निम्मे दोनवर, निम्मे अडीचवर. समजा तुम्ही वीस पौंड अंडर 2.25 वर १.९० ने लावले होते. दोनवरचे दहा परत, अडीचवरचे दहा जिंकून एकोणीस झाले. हातात एकोणतीस, नफा नऊ. ओव्हरवाल्याचे दहा परत आले आणि दहा गेले. पावणेतीनच्या लाइनवर हीच अर्ध्याची जागा तीन गोलांवर सरकते: तीन झाले तर ओव्हरची अर्धी जीत, चार झाले तर पूर्ण. लाइन सव्वादोनवरून पावणेतीनवर का गेली, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. बाजाराला जास्त गोलांची अपेक्षा असली की बुकी भाव फार न हलवता लाइन वर सरकवतो. म्हणून भावाआधी लाइन वाचायची सवय लावा. ओव्हर २.०० या भावाला अर्थ आहे तो शेजारी 2.25 लिहिलंय की 2.75 हे पाहिल्यावरच.

तुमचा मित्र या बाजारांना चिकटून का बसतो याचं खरं कारण मला वाटतं ते असं. साध्या बाजारात तिन्ही निकालांवर असे पैसे लावायचे ठरवा की काहीही झालं तरी हातात शंभर पौंड यावेत. वर धरलेल्या भावांनी लिव्हरपूलवर ५२.६३, बरोबरीवर २९.४१ आणि टॉटनहॅमवर २५ पौंड लागतील. एकूण १०७. शंभर मिळवायला एकशेसात द्यावे लागतात, वरचे सात बुकीचे. आता हँडिकॅपमध्ये लिव्हरपूल -0.5 आणि टॉटनहॅम +0.5 दोन्हींना १.९५ भाव असेल, तर दोन्हीकडे ५१.२८ पौंड, एकूण १०२.५६. बुकीचा वाटा अडीच पौंडांवर आला. मोठ्या सामन्यांत, मुख्य लाइनवर असा फरक खरोखर दिसतो, कारण आग्नेय आशियातून वाढलेल्या या बाजारात मोठ्या रकमा लागतात आणि बुकी कमी वाट्यावर जास्त उलाढाल करतात. खालच्या लीगमध्ये किंवा मुख्य लाइनपासून लांबच्या लाइनींवर तो फरक आटतो, म्हणून हा हिशोब दर वेळी करूनच बघायचा.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. ‘लिव्हरपूल जिंकणार’ला १.९० आणि लिव्हरपूल -0.5 ला १.९५ हे एकाच निकालाचे दोन भाव आहेत, तेही एकाच स्क्रीनवर. साधी बेटच खेळायची असेल तरी लावण्याआधी तिथे डोकावून या. कधी उलटंही असतं, साध्या बाजारात एखादी सवलत असली की. जो भाव जास्त, तो घ्या.

आता जिथे माणसं नेमकी अडकतात त्या जागा सांगतो. पहिली सर्वांत वाईट आहे, त्यामुळे तिला वेळ देतो.

सामना चालू असताना घेतलेल्या एशियन हँडिकॅपमध्ये, तुम्ही बेट लावली त्या क्षणी स्कोअर शून्य-शून्य धरतात. आधीचे गोल हिशोबात येत नाहीत. माद्रिदला सलाहची पेनल्टी आत गेल्यावर, तिसऱ्या मिनिटाला तुम्ही चालू सामन्यात लिव्हरपूल -0.5 घेतलं असतं, तर तुमच्या स्लिपवर पुढचा जवळजवळ सगळा सामना ०–० होता. पडद्यावर लिव्हरपूल १–० ने पुढे, चाहते गातायत, आणि तुमची बेट हरत चाललेली. सामना १–० संपला असता तर लिव्हरपूल युरोपचं विजेतं ठरलं असतं आणि तुमचे सगळे पैसे गेले असते. ओरिगीच्या गोलाने ती बेट वाचली. हे माहीत नसलेला माणूस रात्रभर बुकीशी भांडत बसतो. ओव्हर-अंडरला मात्र हा नियम नाही, तिथे पहिल्या मिनिटापासूनचे सगळे गोल मोजतात. १–० नंतर ओव्हर 1.5 घेतलं तर आणखी एकच गोल हवा. एकाच स्क्रीनवर शेजारी-शेजारी असलेल्या दोन बाजारांचे नियम असे उलटे आहेत, आणि म्हणून चालू सामन्यात बेट लावण्याआधी त्या बाजाराचे नियम तिथल्या तिथे उघडून वाचाच. बरेच बुकी स्लिपवर लावतानाचा स्कोअर छापतात. तो छापलेला दिसला की समजायचं, मोजणी तिथून सुरू.

दुसरी जागा जादा वेळेची. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हे सगळे बाजार ९० मिनिटं आणि त्यावर पंच देतील त्या भरपाईच्या वेळेपुरते असतात. १८ डिसेंबर २०२२ ची विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. ९० मिनिटांनंतर अर्जेंटिना–फ्रान्स २–२, जादा वेळेनंतर ३–३, मग पेनल्टींवर अर्जेंटिना विजेता. मेस्सीने चषक उचलला, पण अर्जेंटिना -0.5 घेणारा हरला. शून्याच्या लाइनवाल्याला पैसे परत मिळाले, आणि -0.25 वाल्याचं तुमच्या परवाच्या सामन्यासारखंच झालं. ओव्हर-अंडरसाठी गोल धरले चार, सहा नाहीत. साध्या जिंक-बरोबरी-हार बाजारातही नियम हाच असल्याने तुम्हाला हे कदाचित माहीत असेल, पण बाद फेरीत हँडिकॅप घेताना लोक ते हमखास विसरतात.

तिसरी, नुसतं ‘हँडिकॅप’ लिहिलेला बाजार. त्यात बरोबरीसकट तीन रकाने दिसले तर तो एशियन नव्हे. तिथे लिव्हरपूल -1 घेतलं आणि १–० ने जिंकले, तर हँडिकॅप धरून बरोबरी झाली असं मानतात. ती बरोबरी वेगळी विकलेली असते, त्यामुळे तुमचे पैसे परत येत नाहीत, जातात. भाव एशियनपेक्षा जास्त दिसतो तो याच कारणाने. रकाने मोजा: दोन असतील तर एशियन, तीन असतील तर दुसरा.

आता मित्राने बहुधा न सांगितलेलं. पाव आणि पाऊणच्या लाइनी तुम्हाला बुकीच्या पुढे नेत नाहीत. त्या फक्त चढउतार मऊ करतात, आणि त्याची किंमत भावातून वसूल होते: वरच्याच सामन्यात लिव्हरपूल -0.25 ला १.६८ च्या आसपास भाव मिळाला असता, कारण बरोबरीत निम्मे वाचण्याची सोय त्यात विकत घेतलेली आहे. कमी वाटा म्हणजे शंभर पौंडांमागे सातऐवजी अडीच पौंड बुकीकडे सरकतात, शून्य नाही. आणि इथेच मला तुमची काळजी वाटते. निम्मे परत, पूर्ण परत, अर्धी जीत असं वारंवार होत राहिलं की आपण हरत नाही आहोत असं वाटायला लागतं, रक्कम वाढते, आणि आठवड्याला एक सामना लावणारा माणूस चालू सामन्यात पाच-पाच वेळा लावू लागतो. सात टक्के वाट्यावर वीस पौंड एकदा लावले तर सरासरी तोटा सव्वा-दीड पौंडाचा. अडीच टक्क्यांवर तेच वीस पौंड पाच वेळा फिरवले तर तोटा अडीच पौंडांचा. स्वस्त बाजारात जाऊन जास्त हरण्याचा हा सरळ रस्ता आहे. म्हणून शनिवारचे वीस पौंड वीसच ठेवा, आणि खात्यात जमा करण्याची मर्यादा आधीच घालून ठेवा. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीकडे ती सोय असते. कधी हात आवरत नाही असं वाटलं तर गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवलं की परवानाधारक सगळ्या ऑनलाइन कंपन्यांची दारं तुमच्यासाठी एकदम बंद होतात.

सुरुवात कशी करावी हेही सांगतो. पुढचे काही शनिवार पैसे न लावता एका सामन्याची एक हँडिकॅपची आणि एक ओव्हर-अंडरची लाइन कागदावर उतरवा. पावची किंवा पाऊणची असेल तर तिचे दोन भाग वेगळे लिहा, शेजारी ०–०, १–०, १–१, २–० आणि २–१ या पाच स्कोअरना वीस पौंडांचं काय होईल ते सामन्याआधी मांडा. सामन्यानंतर न अडखळता जुळलं की मगच हात घाला, आणि तेही सामना सुरू होण्याआधीच्या बाजारात.

मेहुण्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांच्यासाठी बँकांनी पैशांचे व्यवहार करणं यांवर बंदी आली आहे, आणि जुगारबंदीचा राज्याचा कायदा महाराष्ट्रात त्याआधीपासून आहेच. इकडे लेस्टरमध्येही तुमचं खातं तुमच्या एकट्याच्या वापरासाठी असतं. दुसऱ्यासाठी बेट लावल्याचं कळलं तर कंपनी खातं गोठवते, मग जिंकलेली रक्कमही अडकते आणि ओळखीची कागदपत्रं, बँकेचे तपशील यांचा ससेमिरा तुमच्यामागे लागतो. पुण्याहून आलेले मेहुण्याचे पैसे त्या तपशिलांत दिसले तर खुलासा करायला तुमच्याकडे काहीच नसेल. त्याला सामना बघायला लेस्टरला बोलवा, बेट लावायला नको.